वरून घातलेलं पाणी

कागदी फिल्टरमधून कॉफी गाळताना आंबटगोड चव आधी उतरते. कडवटपणा आणि जीभ कोरडी करणारा तुरटपणा शेवटच्या पाण्यासोबत जास्त येतो. मग ते पाणी पुडीतून जाऊच कशाला द्यायचं? २० ग्रॅम पुडीवर ३०० ऐवजी २०० ग्रॅमच गरम पाणी ओता. खाली दाट, काहीसा अंगावर येणारा अर्क जमतो. त्यात साधं गरम पाणी आधी ६० ग्रॅम घाला, ढवळा, चाखा. मग थोडंथोडं वाढवा. दाटपणात दबलेल्या चवी सुट्या होतात, गोडवा कळू लागतो. पाणचट लागायच्या आत थांबा. अर्कच करकरीत आंबट असेल, तर मात्र पाण्याने तो फक्त पातळ होईल. पुढच्या वेळी पूड जरा बारीक दळा.