जाहिरात उर्दू पत्रात, मग पाणीपट्टी रद्द?

रामपूर नगरपालिकेला पाणीपट्टी बसवायची होती. उत्तर प्रदेशचा कायदा सांगत होता: आधी प्रस्ताव प्रसिद्ध करा, तोही स्थानिक हिंदी वर्तमानपत्रात. पालिकेने मजकूर हिंदीत दिला, पण तो छापून आला उर्दू पत्रात.

‘रझा बुलंद शुगर’ या कारखान्याने मग कर आकारणीलाच आव्हान दिले. 1965 च्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’मध्ये, म्हणजे नागपूरहून निघणाऱ्या निकालसंग्रहात, सर्वोच्च न्यायालयाचा हा निकाल सापडतो.

बहुमताने एकाच तरतुदीचे दोन भाग केले. प्रसिद्धी हा भाग आज्ञापक. कारण ती नसेल तर लोकांना हरकत घेण्याची संधीच उरत नाही आणि कर टिकत नाही. प्रसिद्धीची पद्धत मात्र निदेशात्मक. गावात नियमित निघणारे हिंदी पत्रच नव्हते आणि निवडलेल्या पत्राचा खप चांगला होता. हेतू साधला होता, म्हणून कर वैध ठरला.

गंमत म्हणजे कायद्यात दोन्हीकडे ‘केलेच पाहिजे’ अशीच भाषा होती. न्यायालय शब्दावर थांबत नाही; तरतूद कशासाठी आहे आणि ती मोडल्याने कोणाचे काय बुडते, हे पाहते. पालिकेने काहीच छापले नसते, तर उर्दू-हिंदीचा वाद उद्भवण्याआधीच कर कोसळला असता.