तक्ता मोडला, तरी अर्थ टिकला पाहिजे

पोस्टातल्या बचत योजनांची तुलना करणारा तक्ता संगणकावर तयार केला, तिथून उचलला आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात मजकूर म्हणून चिकटवला. पाठवणाऱ्याच्या पडद्यावर रकाने सरळ होते. पोहोचताना रेघा गेल्या, रकान्यांमधली अंतरे आकसली आणि फोनच्या अरुंद पडद्यावर ओळी मधेच तुटल्या. घरच्यांच्या हाती आले ते असे:

योजना किमान कमाल* मुदत* व्याज हातात
पीपीएफ ५०० १.५ लाख १५ वर्षे शेवटी
बचत पत्र १००० ५ वर्षे शेवटी
ज्येष्ठ नागरिक १००० ३० लाख ५ वर्षे तिमाही

वरवर पाहता सगळे आकडे आले आहेत. पण मधली ओळ मोजून पाहा. पीपीएफपुढे चार गोष्टी आहेत, बचत पत्रापुढे तीनच. मूळ तक्त्यात बचत पत्राच्या ‘कमाल’ रकान्यातली चौकट रिकामी होती. रेघा गेल्यावर ती चौकटच नाहीशी झाली आणि ‘५ वर्षे’ डावीकडे सरकून तिच्या जागी बसली. तारांकनाखालची टीप तर चिकटवताना मागेच राहिली.

तक्त्यातला आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्याचा अर्थ ओळीच्या नावावर, रकान्याच्या मथळ्यावर आणि मथळ्यात किंवा तळटीपेत लिहिलेल्या एककावर अवलंबून असतो. हे तिन्ही धागे फक्त जागेने जोडलेले असतात. जागा हलली की धागे तुटतात. म्हणून तक्ता वाक्यांत मांडताना जागेने जे सांगितले होते, ते शब्दांनी सांगावे लागते.

पहिला निर्णय दिशेचा. एकेक योजना घेऊन तिची सगळी माहिती सांगायची, की एकेक प्रश्न घेऊन तिन्ही योजनांची उत्तरे शेजारी ठेवायची? वाचणाऱ्याने योजना आधीच निवडली असेल आणि त्याला फक्त तपशील हवे असतील, तर योजनेनुसार लिहावे. निवड अजून व्हायची असेल, तर प्रश्नानुसार लिहावे. नाहीतर तिसऱ्या योजनेची मुदत वाचेपर्यंत पहिलीची डोक्यातून गेलेली असते. तक्त्यात नजर वरखाली फिरवता येते, वाक्यांत ती सोय नसते. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध वाचकाला आणि फोनवर ऐकणाऱ्या आजोबांना तर मजकूर एकाच क्रमाने मिळतो.

दुसरी पायरी रिकाम्या चौकटींची. रिकामी जागा किंवा आडवी रेघ तीन वेगळ्या गोष्टी सांगू शकते: मर्यादा नाही, ही बाब इथे लागू नाही, किंवा माहिती मिळालेली नाही. बचत पत्राच्या बाबतीत अर्थ पहिला आहे. त्यात जास्तीत जास्त किती गुंतवावे यावर बंधन नाही. तक्ता करणाऱ्याला हे ठाऊक असते, वाचणाऱ्याला नसते. म्हणून प्रत्येक रिकाम्या चौकटीचे एक पूर्ण वाक्य झाले पाहिजे.

तिसरी पायरी एककाची आणि टीपेची, आणि सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. ‘कमाल’ या एकाच मथळ्याखाली दीड लाख आणि तीस लाख शेजारी बसले आहेत, पण ते एकाच मापाचे आकडे नाहीत. पीपीएफची दीड लाखाची मर्यादा एका आर्थिक वर्षातल्या भरण्याची आहे. ज्येष्ठ नागरिक योजनेची तीस लाखांची मर्यादा एकूण रकमेची आहे. ‘पीपीएफमध्ये दीड लाख आणि ज्येष्ठ योजनेत तीस लाख ठेवता येतात’ या वाक्यात दोन्ही आकडे बरोबर असले तरी तुलना चुकलेली आहे. मुदतीचेही तसेच. पीपीएफची पंधरा वर्षे खाते उघडल्याच्या दिवसापासून धरत नाहीत, तर ते आर्थिक वर्ष संपल्यापासून धरतात. त्यामुळे एप्रिलमध्ये खाते उघडणाऱ्याचे पैसे जवळजवळ सोळा वर्षे राहतात. तारांकनाची टीप मजकुराच्या तळाशी ठेवू नये. ज्या आकड्याची ती आहे, त्याच वाक्यात ती यायला हवी.

आता हाच तक्ता वाक्यांत:

‘तिन्ही योजना केंद्र सरकारच्या आहेत आणि तिन्ही पोस्टात मिळतात.

मुदत: राष्ट्रीय बचत पत्राची मुदत ५ वर्षे आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचीही मुदत ५ वर्षे आहे. पीपीएफची मुदत १५ वर्षे आहे आणि ती खाते उघडले ते आर्थिक वर्ष संपल्यापासून मोजतात.

व्याज: ज्येष्ठ नागरिक योजनेचे व्याज दर तीन महिन्यांनी हातात मिळते. पीपीएफ आणि बचत पत्राचे व्याज साठत जाते आणि मुदत संपल्यावर मुद्दलासोबत मिळते.

कमीत कमी रक्कम: पीपीएफमध्ये दर आर्थिक वर्षाला किमान ५०० रुपये भरावे लागतात. बचत पत्रात एकदाच किमान १,००० रुपये गुंतवावे लागतात. ज्येष्ठ नागरिक योजनेतही एकदाच किमान १,००० रुपये ठेवावे लागतात.

जास्तीत जास्त रक्कम: पीपीएफमध्ये एका आर्थिक वर्षात १.५ लाख रुपये. ज्येष्ठ नागरिक योजनेत सर्व खाती मिळून एकूण ३० लाख रुपये. बचत पत्राला वरची मर्यादा नाही.’

तिन्हींना लागू असलेली गोष्ट सुरुवातीला एकदाच सांगितली आहे. पुढे मात्र योजनेचे नाव दर वेळी पुन्हा घेतले आहे. ‘ती’, ‘दुसरी’, ‘वरीलप्रमाणे’ असे शब्द वापरले, तर वाचणाऱ्याला मागे जाऊन शोधावे लागते. ‘किमान रक्कम अनुक्रमे ५००, १,००० आणि १,००० रुपये’ हे वाक्य तर तक्ताच आहे, फक्त आडवा घातलेला. एक नाव निसटले की पुढचे सगळे आकडे चुकीच्या योजनेला चिकटतात.

व्याजदर इथे मुद्दाम घेतलेला नाही. अल्पबचत योजनांचे दर सरकार दर तिमाहीला जाहीर करते, म्हणून दर लिहायचा तर कोणत्या तिमाहीचा, हेही त्याच वाक्यात हवे. शिवाय बचत पत्र आणि ज्येष्ठ योजनेत पैसे गुंतवताना जो दर असतो तो मुदतभर राहतो, पण पीपीएफचा दर मधे बदलू शकतो. तक्त्यातले तीन टक्के एकाच रकान्यात शेजारी बसतात आणि हा फरक दिसत नाही. वाक्यात तो सांगता येतो.

वाक्ये करताना तक्त्यात नसलेले काही आत शिरणार नाही, हेही पाहावे लागते. ‘ज्येष्ठ योजना सर्वांत चांगली’ हे कोणत्याच चौकटीत नव्हते. ‘दर तीन महिन्यांनी पैसे हवे असतील, तर या तीनपैकी ज्येष्ठ योजनाच ते देते’ एवढे तक्त्यातून निघते. पुढचा निष्कर्ष काढायचा असेल, तर तो स्वतःचे मत म्हणून वेगळा लिहावा.

शेवटी पडताळणी. मूळ तक्ता बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर तीन ओळी आणि चार रकाने आखा. फक्त वाक्ये वाचून बाराही चौकटी भरा, मग मूळ तक्त्याशी ताडून पाहा. शक्यतो हे काम तक्ता न पाहिलेल्या माणसाला द्या, कारण लिहिणारा आठवणीतून चौकटी भरतो. एखादी चौकट रिकामी राहिली, तर ते वाक्य राहून गेले आहे. एकाच चौकटीत दोन उत्तरे बसू लागली, तर त्या वाक्यात नाव किंवा एकक सुटले आहे.

या पद्धतीला मर्यादा आहे. बारा चौकटी वाक्यांत नीट मावतात. दहा योजना आणि आठ रकाने, म्हणजे ऐंशी चौकटी, वाक्यांत घातल्या तर कोणी शेवटपर्यंत वाचणार नाही. तिथे वाचणाऱ्याला कोणता प्रश्न सोडवायचा आहे ते विचारून तेवढेच दोन-तीन रकाने वाक्यांत लिहावेत, बाकीचे काय गाळले ते एका ओळीत सांगावे आणि पूर्ण तक्ता वेगळी फाइल म्हणून सोबत द्यावा.