मूर्ती दोन, परिच्छेद एक

‘गांधार आणि मथुरा शैलींतील बुद्धमूर्तींची तुलना करा.’ कलेतिहासाच्या पेपरातला हा ठरलेला प्रश्न. समजा, त्याला वीस मिनिटं आहेत. बहुतेक मुलं पहिली बारा मिनिटं गांधारवरच घालवतात, मग घड्याळ बघून मथुरा चार ओळींत गुंडाळतात. अशा उत्तरात माहिती दोन्हींची असते, पण तुलना करायचं काम तपासणाऱ्यावर पडतं.

म्हणून पहिली तीन मिनिटं उत्तर सुरूच करू नका. कच्च्या कामाच्या पानावर दोन रकाने आखा आणि डावीकडे तीनच शब्द लिहा: दगड, वस्त्र, चेहरा. प्रत्येकासमोर दोन्ही शैलींचं एकेक वैशिष्ट्य टिपा. दगडासमोर एकीकडे करडा शिस्ट, दुसरीकडे तांबडा ठिपक्यांचा वालुकाश्म. चेहऱ्यासमोर लाटांसारखे केस आणि अर्धे मिटलेले डोळे, तर पलीकडे गुळगुळीत डोकं, शंखासारखा उष्णीष, टक्क उघडे डोळे आणि हसू. एखाद्या मुद्द्याचा एक रकाना रिकामा राहिला, तर तो मुद्दा तुलनेचा नाही, सोडून द्या.

आता दोन मिनिटांत प्रस्तावना. दोन्ही शैली कुषाण काळात बहरल्या आणि दोन्हींनी बुद्धाला मानवी रूपात घडवलं, एवढं पुरे. कनिष्काच्या राज्यविस्ताराला इथे गुण नाहीत.

पुढचे तीन परिच्छेद चार-चार मिनिटांचे, एका मुद्द्याला एक. वस्त्राचा परिच्छेद असा उतरेल: ‘गांधारच्या बुद्धाचे दोन्ही खांदे झाकलेले असतात आणि वस्त्राच्या जाड, खोल चुण्या अंगावरून खाली येतात. सुरुवातीच्या मथुरा मूर्तीत मात्र उजवा खांदा उघडा असून तलम वस्त्रातून भरदार शरीर जाणवते. गांधारवर ग्रीक-रोमन शिल्पाचा प्रभाव होता. मथुरेच्या कारागिरांमागे यक्षमूर्तींची जुनी परंपरा होती.’ फरक आणि कारण शेजारीशेजारी आले, त्यामुळे प्रभावांसाठी वेगळा परिच्छेद लिहिण्याचा वेळ वाचला.

‘सुरुवातीच्या’ हा शब्द मात्र गाळू नका. पुढे मथुरेतही दोन्ही खांदे झाकलेल्या मूर्ती घडल्या, त्यामुळे तो शब्द नसेल तर वाक्य चुकतं.

उरलेल्या तीन मिनिटांत शेवट लिहा: दोन्हींचे धागे पुढे गुप्तकालीन मूर्तीत कसे एकत्र आले, ते दोन वाक्यांत. मग पेन प्रत्येक परिच्छेदावरून फिरवून बघा, ‘मात्र’, ‘तर’, ‘उलट’ यांपैकी एखादा शब्द सापडतो का. नाहीच सापडला, तर बहुधा तिथे नुसतं वर्णन झालेलं असतं.

आणि तिसऱ्या परिच्छेदाआधीच वेळ संपत आली, तर चेहऱ्याचा मुद्दा कच्च्या पानावरच्या रकान्यांसारखाच, दोन ओळींच्या तक्त्यात उतरवा. कच्चं पान तपासणारा बघेलच, या भरवशावर राहू नका.