निरोपाच्या भाषणात काय सांगावं

नोटीस पिरियड संपतो, शेवटच्या दिवशी दुपारी कॅन्टीनमध्ये केक येतो, सगळे जमतात आणि कुणीतरी म्हणतं, "दोन शब्द बोला ना." मग बहुतेक ठिकाणी तीच वाक्यं ऐकू येतात. अत्यंत कष्टाळू, सदैव हसतमुख, कंपनीचा आधारस्तंभ, त्यांची पोकळी कधीच भरून निघणार नाही. बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी असते, खोटं बोलायचा हेतू नसतो. पण सांगण्यासारखं काही गोळा केलेलं नसतं, म्हणून विशेषणं मदतीला येतात. जाणाऱ्या माणसाला मात्र ते लगेच कळतं, कारण हीच वाक्यं त्यानं आधी इतरांच्या निरोपाला ऐकलेली असतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, भोसरीत यंत्रांचे सुटे भाग बनवणारा एक मध्यम कारखाना आहे. तिथला डिस्पॅच विभाग सांभाळणाऱ्या बाई नऊ वर्षांनंतर नोकरी सोडून नाशिकला चालल्या आहेत. कारखान्यात सगळे त्यांना ताई म्हणतात. भाषण करायचं आहे प्लॅनिंगमधल्या एका सहकाऱ्याला आणि त्याच्या हातात चार दिवस आहेत.

पहिले दोन दिवस त्यानं काहीच लिहू नये, फक्त विचारत फिरावं. साहेबांना विचारून फारसं हाती लागत नाही. गेटवरचा वॉचमन, माल चढवणारी मुलं, शेजारच्या टेबलावरची अकाउंट्सची बाई यांना विचारावं. प्रश्नही नीट निवडावा. "ताई कशा आहेत?" असं विचारलं तर "खूप चांगल्या" एवढंच उत्तर मिळतं. "ताई रजेवर होत्या तेव्हा तुमचं काय अडलं?" असं विचारलं की माणसं बोलायला लागतात.

वॉचमन सांगतो की गाडी सुटण्याआधी ताई स्वतः गेटपर्यंत येऊन पाटीवरचा नंबर बघायच्या. हे ऐकायला साधं वाटतं, पण त्यामागचं कारण कळलं की त्याचं मोल कळतं. पन्नास हजारांहून अधिक किमतीचा माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा तर सहसा ई-वे बिल लागतं आणि त्यात गाडीचा नंबर असतो. वाटेत तपासणी झाली आणि बिलावर एक गाडी, रस्त्यावर दुसरी असं निघालं तर माल अडकतो, दंडाची वेळ येते. अंतरानुसार या बिलाची मुदतही ठरलेली असते. भाषणात हा नियम समजावत बसायचं नाही, पण बोलणाऱ्याला तो माहीत हवा. नाहीतर गेटपर्यंत जाण्याची ती सवय त्याला सांगण्यासारखी वाटणारच नाही.

सेल्समधला एक जण मोठी हकिगत सांगतो. बेंगळुरूची गाडी खंबाटकी घाटात बंद पडली, ताईंनी रात्रभर जागून दुसरी गाडी मिळवली आणि कंपनीचे लाखो रुपये वाचवले. हकिगत ऐकायला छान आहे, पण ती जशीच्या तशी घेऊ नये. त्या रात्री फोनवर असलेल्या ट्रान्सपोर्टवाल्याला विचारलं तर कळतं की दुसरी गाडी त्यानंच पाठवली होती. ताईंनी रात्री साडेदहाला घरून पोर्टलवर गाडीचा नंबर बदलला आणि नवीन कागद ड्रायव्हरच्या फोनवर पाठवला. अर्ध्या तासाचं काम. माल तरीही एक दिवस उशिरा पोचला.

लोक ताईंना मोठं करायच्या भरात हकिगत फुगवतात. पण फुगवलेली हकिगत सांगितली की सभेत बसलेल्यांपैकी ज्याला खरं माहीत आहे तो मान खाली घालतो, आणि ताई स्वतः अवघडतात. खरी हकिगत लहान असली तरी त्यांना ती आपली वाटते.

तिसऱ्या दिवशी लिहायला बसावं. भाषण साधारण असं होईल:

"नमस्कार. मी प्लॅनिंगला आहे, त्यामुळे महिनाअखेरीला माझं निम्मं काम ताईंच्या टेबलापाशी असायचं. कागद अपुरे असले की ताई गाडी सोडायच्या नाहीत. वरून फोन आला तरी नाही. आम्ही तेव्हा चिडायचो, आणि ताईंना ते माहीत आहे. पण कागद पूर्ण झाले की त्याच ताई गेटपर्यंत चालत जायच्या आणि पाटीवरचा नंबर बिलाशी ताडून बघायच्या. पाऊस असला तरी.

गेल्या पावसाळ्यात आपली बेंगळुरूची गाडी घाटात बंद पडली. ट्रान्सपोर्टवाल्यांनी दुसरी गाडी दिली. रात्री साडेदहाला ताईंनी घरून बिलावरचा नंबर बदलला आणि कागद ड्रायव्हरला पाठवला. माल एक दिवस उशिरा पोचला, पण रस्त्यात कुठे अडला नाही.

गेला महिनाभर ताईंनी नवीन आलेल्या मुलाला काम शिकवलं. कुठल्या ग्राहकाला कुठले कागद लागतात हे त्यांनी एका वहीत लिहून ठेवलंय. ती वही आता त्याच्या टेबलावर आहे.

ताई, तुमचं बघून मला एक सवय लागली. लोडिंगचा प्लॅन पाठवण्याआधी मी खाली जाऊन माल खरंच तयार आहे का ते बघतो. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. नाशिकच्या नव्या कामासाठी मनापासून शुभेच्छा. पुण्याला आलात की इकडे चक्कर मारा."

सावकाश वाचलं तर हे दोन मिनिटांच्या आतबाहेर होतं. आणखी एखादा प्रसंग घालून तीन-चार मिनिटांपर्यंत नेता येईल, त्यापुढे नेऊ नये. केकसमोर उभी माणसं त्याहून जास्त ऐकत नाहीत.

या भाषणात "आम्ही चिडायचो" हे वाक्य मुद्दाम ठेवलं आहे. ते काढलं तर बाकीची स्तुती पातळ होते, कारण समोरच्या सगळ्यांना ताईंचा कडकपणा माहीत आहे. पण तो सांगताना त्याचं कारणही त्याच दमात यायला हवं, नाहीतर ती टोचणी होते. खात्री नसेल तर एवढं एक वाक्य ताईंना आधी विचारून घ्यावं. नोकरी सोडण्याचं कारण, आजारपण, घरच्या अडचणी, पगार यांतलं काहीही त्यांच्या परवानगीशिवाय बोलू नये. "त्यांना आपल्यापेक्षा चांगलं मिळालं" हे प्रेमानं म्हटलेलं वाक्यही सभेत वेगळं ऐकू जातं.

पोकळीचं वाक्य मी या कारणासाठीही टाळीन की त्या टेबलावर उद्यापासून बसणारा मुलगा समोरच उभा असतो. आपल्याला हे जमणार नाही असं त्याला सगळ्यांदेखत ऐकावं लागतं. वहीचा उल्लेख केला की ताईंचं कामही सांगून होतं आणि त्या मुलालाही धीर मिळतो.

एक लहान गोष्ट बोलण्याच्या ढंगाची. सुरुवातीला ताईंविषयी सभेशी बोलावं आणि शेवटी ताईंकडे वळून "तुम्ही" म्हणावं. पूर्ण भाषण "त्यांनी असं केलं, त्यांनी तसं केलं" असंच चाललं तर शेजारी उभ्या ताईंना आपण तिथे नाहीच असं वाटतं. उलट पहिल्या वाक्यापासून थेट त्यांच्याशीच बोललं तर बाकीचे बाहेर राहतात.

चौथ्या दिवशी मजकूर एकदा मोठ्यानं वाचावा आणि डिस्पॅचमधल्या एकाला ऐकवावा. जिथे तो थांबवून "असं नव्हतं झालं" म्हणेल ते वाक्य दुरुस्त करावं किंवा सरळ काढावं. तुमच्या ऑफिसात कुणाचा निरोप ठरला असेल, तर विचारायला आजच सुरुवात करा आणि भाषण झालं की तो कागद घडी घालून जाणाऱ्याच्या हातात द्या.