गैरहजर मुलांचं काय करायचं?

‘बारावीच्या इतक्या टक्के मुलांना परीक्षेचा ताण’ अशी बातमी बोर्डाची परीक्षा जवळ आली की हमखास येते. ती वाचताना मी आकडा शेवटी बघते. आधी बघते, ही मुलं आणली कुठून. क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फॉर्म फिरवला असेल, तर ज्यांना बोलायची हौस आहे किंवा ज्यांना वेळ आहे, त्यांचीच उत्तरं हाती येतात.

मग मुलं निवडायची कशी? समजा, लातूर जिल्ह्यातल्या बारावीच्या मुलांचा ताण मोजायचा आहे. एकूण टक्केवारीत पाच टक्के इकडेतिकडे चालणार असेल, तर संख्याशास्त्राच्या नेहमीच्या हिशेबाने ३८४ मुलं पुरतात. पण हा हिशेब प्रत्येक मूल जिल्हाभरातून सुटंसुटं उचललं असेल तरच लागू पडतो. आपण तर कॉलेजात जाऊन तिथली तीस मुलं एकदम घेणार. त्या तिसांचे शिक्षक तेच, पूर्वपरीक्षेचं वेळापत्रक तेच, त्यामुळे त्यांचा ताणही थोडाफार सारखाच असतो. तिसाव्या मुलाकडून नवं असं कमीच कळतं. हे साम्य अगदी थोडं, म्हणजे ०.०५ धरलं, तरी संख्या २.४५ पटीने वाढवावी लागते: ९४१. काही जण नकार देणार, काही भेटणारच नाहीत, म्हणून ३५ कॉलेजं आणि प्रत्येकी ३० मुलं, एकूण १०५०.

कॉलेजं चिठ्ठ्या टाकूनच निवडायची, पण पटसंख्येच्या प्रमाणात. ६०० मुलांच्या कॉलेजच्या नावाने ३०० वाल्याच्या दुप्पट चिठ्ठ्या. आत गेल्यावर मात्र दोन्हीकडून तीसच मुलं घ्यायची, म्हणजे मोठ्या कॉलेजातल्या मुलाची संधी निम्मी होते आणि हिशेब बरोबर बसतो. वर्गात नावं हजेरीपटावरून काढायची. पट २४० चा असेल तर दर आठवं नाव, आणि सुरुवात एक ते आठमधल्या चिठ्ठीने. पाच निघाला तर ५, १३, २१...

इथवर सोपं आहे. खरी गंमत पुढे. तिसांपैकी बावीसच हजर असतात, आणि वर्गशिक्षक आपुलकीने म्हणतात, “मॅडम, त्या आठांच्या जागी ही पुढच्या बाकावरची घ्या ना, हुशार आहेत.” हे अजिबात करायचं नाही. गैरहजर आठांपैकी कुणी नावापुरतं कॉलेजात असतं आणि दिवसभर क्लासला बसतं, कुणी शेतावर कामाला गेलेलं असतं, आणि कुणाला सकाळी अंथरुणातून उठावंसंच वाटत नाही. शेवटच्यालाच तर आपण शोधतोय! त्याच्या जागी हजर मूल बसवलं की सर्वेक्षणातला ताण कागदावरच कमी होतो. म्हणून पुन्हा जायचं, दोनदा जायचं, आणि तरीही जे भेटले नाहीत त्यांची संख्या अहवालात छापायची.

परवानगीचं कामही वाटतं तितकं सरळ नाही. बारावीची बरीच मुलं अठराच्या आतली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या वयात पालकांची संमती हवीच, शिवाय मुलाचा स्वतःचा होकारही लेखी हवा. आईने सही केली आणि मुलगी नको म्हणाली, तर विषय संपला. पण वर्गात सरांसमोर ‘नको’ म्हणणार कोण? म्हणून शिक्षकांनी बाहेर थांबायचं, आणि सगळ्यांनी सारखीच पाकिटं बंद करून द्यायची. कोरा फॉर्म कुणी दिला, ते शेजारच्यालाही कळत नाही.

सर्वांत अवघड असतो तो जीव द्यावासा वाटतो का, हा प्रश्न. फॉर्म पूर्ण निनावी ठेवला तर मुलं खरं लिहिण्याची शक्यता वाढते, पण ‘रोज वाटतं’ यावर खूण करणारं मूल कोण हे कधीच कळणार नाही. माझ्या मते हा प्रश्न विचारायचा असेल तर निनावीपणा सोडावा. फॉर्मवर नावाऐवजी क्रमांक घालावा, आणि क्रमांक-नावाची यादी वेगळी, कुलपात ठेवावी. मुलांना मात्र आधीच स्वच्छ सांगावं: तुझी उत्तरं सरांना किंवा घरी दाखवणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका दिसला तर आम्ही तुझ्याशी बोलू आणि मदतीसाठी एका मोठ्या माणसाला सांगू. हे ऐकून काही मुलं खरं लिहिणार नाहीत. तेवढी किंमत मोजावी लागते.

समुपदेशक बरोबर नसेल तर हा प्रश्न फॉर्ममधून काढून टाकावा. तो ठेवला असेल, तर पाकिटं घरी नेऊन महिन्याने उघडायची नाहीत. कॉलेजचं फाटक ओलांडण्याआधी प्रत्येक फॉर्मवरचं ते एक उत्तर बघायचं. आणि जाताना प्रत्येक मुलाच्या हातात, खूण केलेली असो वा नसो, टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी द्यायची. तो मोफत आहे आणि रात्रीही लागतो.