तू की तुम्ही? क्रियापद सांगतं ते नातं

नव्या शेजाऱ्यांकडे पहिल्यांदा गेलात की यजमान विचारतात, ‘चहा घेणार ना?’ या प्रश्नात ‘तू’ नाही आणि ‘तुम्ही’ही नाही. ‘घेणार’च्या पुढे ‘आहेस’ किंवा ‘आहात’ यायला हवं होतं, ते त्यांनी गाळून टाकलं. समोरच्याशी कसं बोलायचं हे अजून ठरलेलं नसताना मराठी माणूस नेमक्या अशाच वाक्यांचा आधार घेतो. ‘जेवण झालं का?’, ‘कधी निघायचं?’, ‘राहायला कुठे?’ ही सगळी त्याच घरची वाक्यं. त्यांतून विचारपूस होते आणि निवड पुढे ढकलता येते.

पण फार काळ ढकलता येत नाही, कारण मराठीत ही निवड सर्वनामापुरती नसते, ती क्रियापदात मुरलेली असते. ‘तू’ शब्द तोंडातून न काढताही ‘आलास?’ म्हटलं की एकेरी झालं आणि ‘आलात?’ म्हटलं की आदरार्थी. ‘ये’ आणि ‘या’, ‘येशील’ आणि ‘याल’, ‘नकोस’ आणि ‘नका’, दर वाक्यात कौल द्यावा लागतो. शिवाय ‘आलास’ आणि ‘आलीस’ यांत पुरुष की बाई ते कळतं. ‘आलात’मध्ये तो भेद पुसला जातो. आदरार्थी रूप अंतर राखतं ते असं, समोरच्या व्यक्तीबद्दल थोडं कमी बोलून. याच्याही वरची पायरी ‘आपण’. ‘आपण बसावं’ हे निमंत्रणपत्रिकेत, व्यासपीठावर किंवा फार मोठ्या माणसापुढे शोभतं. रोजच्या बोलण्यात ते आलं तर ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं, कधी टोमणाही वाटतो.

‘तुम्ही’ म्हणजे मान आणि ‘तू’ म्हणजे कमीपणा, असा हिशेब शाळेत शिकवला जातो. घरात मात्र तो टिकत नाही. बहुतेक मराठी घरांत आई ‘तू’ असते आणि बाबा वर्षानुवर्षं ‘तुम्ही’ होते. आईला मान कमी होता असं कोणी म्हणणार नाही. आजी तू, आजोबा तुम्ही. ताई तू, पण तिचा नवरा तुम्ही. दादा तू, वहिनी तुम्ही. मामा तू, मामी बऱ्याच घरांत तुम्ही. यातली रीत लक्षात घेण्यासारखी आहे. जन्माच्या नात्याला ‘तू’ चालतं, लग्नाने जोडलेल्या नात्याला ‘तुम्ही’ लागतं. म्हणूनच लग्न झालेल्या मुलीच्या तोंडी दोन आया असतात, एक ‘अगं आई’ आणि दुसरी ‘अहो आई’. नुसत्या हाकेवरून फोनवर माहेर आहे की सासर, हे शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळतं. जन्माच्या नात्यांत वडील आणि आजोबा वेगळे पडतात, कारण तिथे जवळीक असूनही दरारा वरचढ होता. आज अनेक घरांत मुलं ‘बाबा, तू’ म्हणतात. दरारा ओसरला, माया तीच राहिली. देवाला तर आपण आरतीत सर्रास ‘तू’ म्हणतो आणि ती आरती सांगणाऱ्या गुरुजींना ‘तुम्ही’.

म्हणजे एकटं ‘तू’ ऐकून काहीच ठरवता येत नाही. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिल्मन या अभ्यासकांनी 1960 साली युरोपातल्या भाषांमधल्या अशाच सर्वनामांवर एक निबंध लिहिला. सत्ता आणि आपलेपणा या दोन गोष्टी ही निवड ठरवतात, असं त्यांचं म्हणणं. मराठीत ते ताडून पाहायचं तर परत काय येतं ते ऐकावं. दोघं एकमेकांना ‘तू’ म्हणत असतील तर जवळीक, दोघंही ‘तुम्ही’ म्हणत असतील तर अदब किंवा अनोळख. एक ‘तू’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘तुम्ही’ म्हणावं लागतं, तिथे पायरी असते.

भाजीबाजारातला एक साधा व्यवहार पाहा. पंचविशीतली गिऱ्हाईक, साठीची भाजीवाली. ‘मावशी, मेथी कशी दिली?’ इथवर ठीक. ‘दिलीस’ नाही, ‘दिलीत’ही नाही, शेवटचं अक्षर गाळलेलं आहे. भाजीवाली म्हणते, ‘घ्या ना ताई, ताजी आहे.’ मग घासाघीस सुरू होते आणि गिऱ्हाईक म्हणते, ‘थोडं कमी कर की, मावशी.’ आता सख्ख्या मावशीलाही ही मुलगी ‘कर की’ असंच म्हणते. शब्द तोच, क्रियापदही तेच. फरक उत्तरात आहे. सख्खी मावशी ‘गप गं, तूच कर’ म्हणून मोकळी होते. भाजीवाली वयाने दुप्पट मोठी असून ‘नाही परवडत, तुम्हीच सांगा’ म्हणते. तिला ‘मावशी’ म्हणून नातं जोडलं, पण त्या नात्यातला परत ‘तू’ म्हणायचा हक्क तिला मिळाला नाही. बाजूला उभा असलेला तिसरा माणूस एवढ्यावरून ओळखतो की इथे वयापेक्षा पैशाला मान आहे. घरकामाच्या बाई, वॉचमन, रिक्षावाले यांच्याशी होणारं आपलं बोलणं याच कानाने ऐकून पाहावं. उलट गावाकडची एखादी म्हातारी बँकेतल्या साहेबाला ‘लेकरा, माझं एवढं काम कर’ म्हणते आणि साहेब ‘बसा आजी’ म्हणतो. तिथेही रूपं असमान आहेत, पण तो वयाचा मान आहे आणि तो कोणालाच खुपत नाही.

बदल कोणत्या दिशेने झाला, तेही ऐकणाऱ्याला बरंच सांगून जातं. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर यायचं तर ते मोठ्याने सुचवायचं असतं. ‘अहो-जाहो कशाला करतेस, नावाने हाक मार’ हे वाक्य वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाने म्हटलं की मैत्री सुरू होते. तेच धाकट्याने परस्पर सुरू केलं तर आगाऊपणा ठरतो. भांडणात मात्र कोणी कोणाला विचारत नाही. ‘तुम्ही काय समजता स्वतःला’पासून ‘तू कोण मला सांगणार’पर्यंत गाडी आली की लोक म्हणतात, प्रकरण एकेरीवर आलं. याच्या उलट, रोज ‘तू’ म्हणणारी बायको अचानक ‘बरं, तुम्ही म्हणाल तसं’ म्हणाली तर घरातल्या सगळ्यांना कळतं की काहीतरी बिनसलंय. कचेरीतले जुने मित्र खासगीत ‘अरे’ म्हणतात आणि बैठकीत ‘तुम्ही सांगितलंत त्याप्रमाणे’ म्हणतात. तिथे दुरावा नसतो, बैठकीला बसलेल्या इतरांसाठी ते बोलणं असतं.

हिंदीत बोलताना यातलं गणित चुकतं. मराठीतलं ‘तू’ मित्रांत, भावंडांत, सहकाऱ्यांत ऐसपैस वावरतं. हिंदीत त्यातली बरीच जागा ‘तुम’ने घेतली आहे, त्यामुळे मराठी माणसाचं सहज आलेलं ‘तू’ हिंदीभाषकाला उद्धट वाटू शकतं. आपलं ‘तुम्ही’ ऐकायला ‘तुम’सारखं असलं तरी त्याचं काम ‘आप’चं आहे.

मग अनोळखी माणसाशी काय बोलावं? ‘तुम्ही’ने सुरुवात करावी आणि ‘तू’चं आमंत्रण येईपर्यंत तिथेच राहावं. ज्याने परत ‘तू’ म्हटलेलं आपल्याला चालणार नाही, त्याला आपणही ‘तू’ म्हणू नये. लहान मुलं सोडली तर हा नियम सगळीकडे लागू पडतो, आणि सगळ्यात जास्त गरज आहे ती आपल्यासाठी राबणाऱ्या माणसांशी बोलताना.