वहीतलं उत्तर आणि तोंडातलं उत्तर

यूपीएससीच्या मुलाखतीला बसणाऱ्या मराठी मुलांच्या वह्या चाळल्या, तर पहिल्याच पानावर बहुधा ‘प्रशासकीय सेवेत का यायचे आहे?’ हा प्रश्न सापडतो. खाली उत्तर असतं, सुवाच्य अक्षरात, लाल पेनने अधोरेखित केलेलं. क्लासच्या नोट्स, यशस्वी उमेदवारांच्या मुलाखतींचे व्हिडिओ, एखादा प्रश्नसंच, असं चार ठिकाणांहून ते गोळा झालेलं असतं. त्यात चुकीचं काही नसतं, पण ते कुणाचंही असू शकतं.

आयोगाला नेमकं काय हवं आहे, हे त्याच्या अधिसूचनेत स्पष्ट लिहिलेलं आहे. ही उलटतपासणी नाही. ओघात होणाऱ्या, पण दिशा असलेल्या संभाषणातून उमेदवाराची मानसिक जडणघडण समजून घ्यायची आहे, असा त्याचा आशय. लेखी मुख्य परीक्षेच्या 1750 गुणांत मुलाखतीचे 275 मिळवले, की एकूण 2025 होतात. समोर अध्यक्ष आणि साधारण चार सदस्य बसतात, वेळ अर्ध्या तासाच्या आसपास. एक मंडळ एका दिवसात एकामागून एक उमेदवार ऐकत असतं. समाजसेवेच्या आवडीचं तेच वाक्य दुपारी पुन्हा कानावर पडलं, तर सदस्य काय ऐकतील, हे सांगायला नको.

म्हणून उत्तर लिहूच नये, असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. दडपणाखाली माणसाला सुचत नाही ते नाहीच. विचार आधी करून ठेवावाच लागतो. अडचण असते ती कागदावरचं उत्तर तसंच्या तसं तोंडात घेऊन आत जाण्याची. कागद ते तोंड हा प्रवास कसा होतो, ते एका उदाहरणावरून पाहू. उमेदवार कल्पित आहे, पण अशी मुलं मराठवाड्यात जागोजागी भेटतील. धाराशिव जिल्ह्यातलं गाव, घरी कोरडवाहू शेती, कृषी पदवी, मुलाखतीचं माध्यम मराठी. त्याच्या वहीत हे लिहिलंय:

‘लहानपणापासूनच मला समाजासाठी काहीतरी करण्याची तीव्र इच्छा होती. ग्रामीण पार्श्वभूमी असल्यामुळे शेतकऱ्यांच्या समस्या मी जवळून पाहिल्या आहेत. प्रशासकीय सेवा हे असे व्यासपीठ आहे, ज्याद्वारे समाजातील शेवटच्या घटकापर्यंत विकास पोहोचवता येतो. तसेच या सेवेत कामाचे वैविध्य, आव्हाने आणि धोरणनिर्मितीत सहभागी होण्याची संधी मिळते.’

याची पहिली चाचणी सोपी आहे. बाहेर प्रतीक्षाकक्षात शेजारी बसलेल्या उमेदवारालाही जे वाक्य म्हणता येईल, ते खोडायचं. इथे चारही वाक्यं जातात. ‘ग्रामीण पार्श्वभूमी’ हे दोन शब्द तेवढे त्याचे वाटतात, पण सदस्यांनी ‘कोणती समस्या जवळून पाहिली?’ असं विचारलं, की वहीत पुढे काहीच लिहिलेलं नसतं. तिथे मुलं गडबडतात आणि ‘सर, पाण्याची समस्या, बाजारभावाची समस्या...’ अशी यादी सुरू होते.

आता वही बंद करून हाच प्रश्न त्याला चहाच्या टपरीवर विचारायचा. काय पाहिलंस तू? उत्तर यायला वेळ लागतो, पण येतं. 2020च्या ऑक्टोबरात धाराशिव, सोलापूर भागात अतिवृष्टी झाली. सोयाबीन कापून रानात पसरलेलं होतं, ते भिजलं. पीक विम्यात काढणीनंतरच्या अशा नुकसानीची सूचना तेव्हा 72 तासांच्या आत द्यावी लागायची. कोरोनामुळे कॉलेज बंद, त्यामुळे हा घरीच होता. त्याने फोनवरून शेजारपाजाऱ्यांच्या सूचना भरून दिल्या. ज्यांना चौथ्या दिवशी कळलं, त्यांचं राहून गेलं. कृषी सहायकाकडे इतकी गावं होती, की तो सगळीकडे पोहोचूच शकत नव्हता.

हे सगळं त्याला ठाऊकच होतं. वहीत ते आलं नाही, कारण ‘असलं घरगुती’ आयोगापुढे सांगायचं नसतं, अशी त्याची समजूत होती. ही समजूत काढून टाकणं हेच या कामातलं निम्मं काम आहे. मग दुसरा मसुदा होतो, आणि तो लिहून नव्हे, तर बोलून, फोनवर रेकॉर्ड करून:

‘सर, खरं सांगायचं तर मला आधी कृषी अधिकारीच व्हायचं होतं. 2020ला आमच्याकडे सोयाबीन काढून रानात पडलं होतं आणि वरून पाऊस आला. विम्यासाठी 72 तासांत कळवावं लागायचं, ते गावात बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. मी घरीच होतो, फोनवरून बऱ्याच जणांचं भरून दिलं. ज्यांना चौथ्या दिवशी कळलं, त्यांचं राहिलं. कृषी सहायकांचा दोष नव्हता, त्यांच्याकडे गावंच तेवढी होती. तेव्हा वाटलं, कृषी, महसूल आणि विमा कंपनी या तिघांना एका टेबलावर आणता येईल अशा जागी असायला हवं.’

पाऊण मिनिटाचं उत्तर आहे. ‘असे’चं ‘असं’ झालं, ‘तसेच’ आणि ‘ज्याद्वारे’ आपोआप गळाले. बोलताना ते शब्द कुणाच्या तोंडात येतच नाहीत. सुरुवातीचं ‘खरं सांगायचं तर’ मात्र मी कापेन. हल्ली मोकळेपणा दाखवायचा म्हणून निम्मी उत्तरं तिथूनच सुरू होतात, आणि मग इतर वेळी काय खोटं सांगत होता का, असं ऐकणाऱ्याला वाटतं.

या मसुद्याचा खरा फायदा भाषेत नाही, तर पुढच्या प्रश्नांत आहे. मुलाखतीत तोंडातून निघालेलं प्रत्येक नाम म्हणजे पुढच्या प्रश्नाला दिलेलं आमंत्रण असतं. ‘विकास’ म्हटलंत, तर सदस्य कुठेही नेऊ शकतात. ‘72 तास’ म्हटलंत, तर प्रश्न तिथेच येईल: ही मुदत कमी आहे का? वाढवली तर पंचनाम्यात काय अडचण येईल? मग कृषी अधिकारीच का नाही झालात? या शेवटच्या प्रश्नाला कृषी पदवीधराने तयार असायलाच हवं. प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या जिल्हास्तरीय संनियंत्रण समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, हे त्याला माहीत असेल, तर ‘एका टेबलावर’ या शब्दांना आधार मिळतो. नसेल, तर ते वाक्य हवेत लटकतं. बोलकं उत्तर म्हणजे सैल उत्तर नव्हे. मुदत, कलम, पदनाम, योजनेचं नाव हे काटेकोरच हवं. सैल करायची ती भोवतीची वाक्यं.

इथवर बरेच जण येतात आणि इथेच घसरतात. हा दुसरा मसुदा चांगला वाटतो, म्हणून उमेदवार तोही पाठ करतो. आठ दिवसांत तो पहिल्याइतकाच ठोकळा होतो, फक्त आता त्यात सोयाबीन असतं. शब्दशः पाठांतरात एक वाक्य पुढच्या वाक्याला ओढून आणतं. मध्येच कुणी बोललं, की ती साखळी तुटते आणि मुलगा पुन्हा ‘सर, मला आधी कृषी अधिकारीच...’ पासून सुरुवात करतो. शाळेत पाढा मध्येच अडला, की ‘दोन एके दोन’पासून म्हणावा लागायचा, तसं. सदस्यांना पाठांतर ओळखायला याहून मोठा पुरावा लागत नाही. बाकीच्या खुणाही कानाला आणि डोळ्याला कळतात. पाठ भाग आला, की बोलण्याचा वेग वाढतो, नजर विचारणाऱ्यावरून निघून छताकडे जाते, आणि प्रश्न ‘का यायचंय’ ऐवजी ‘यायचं कधी ठरवलंत’ असा फिरवून विचारला, तरी उत्तर तेच येतं.

म्हणून मसुदा तयार झाला, की तो बाजूला ठेवायचा आणि चारच खुणा लक्षात ठेवायच्या: भिजलेलं सोयाबीन, 72 तास, चौथा दिवस, तीन खाती. या खुणांवरून एकदा आजीला सांगायचं, तिला विम्याचं काही माहीत नाही. एकदा कृषी कॉलेजच्या मित्राला, त्याला सगळं माहीत आहे. आजीला 72 तास म्हणजे काय, ते समजावून द्यावं लागेल. मित्राशी बोलताना ते अर्ध्या वाक्यात उरकेल आणि वाद तिसऱ्याच मुद्द्यावर होईल. प्रत्येक वेळी वाक्यं बदलली आणि खुणा चारही आल्या, तर उत्तर मुरलं असं समजावं. मग कुणाला तरी मुद्दाम मध्येच थांबवायला सांगायचं, किंवा ‘त्या चौथ्या दिवशी काय झालं?’ असं शेवटून सुरू करायला लावायचं. तिथूनही मागे-पुढे जाता आलं, तर प्रश्न मिटला.

अभिरूप मुलाखतींचा इथे एक उलटा परिणाम होतो. पुण्यात एक, दिल्लीत दोन-तीन, अशा मॉक द्यायची पद्धत आहे. प्रत्येक ठिकाणी भला सल्ला मिळतो: शेवट सकारात्मक करा, एखादी शासकीय योजना जोडा, ‘धोरणनिर्मिती’चा उल्लेख हवा. तिसऱ्या मॉकनंतर पाहिलं, तर सोयाबीन पहिल्या अर्ध्या वाक्यात आकसलेलं असतं आणि विकास, आव्हानं, वैविध्य सगळे परत येऊन बसलेले असतात. मॉकमधून तथ्याची चूक घ्यावी, बसण्या-बोलण्याची लकब घ्यावी; वाक्यं घेऊ नयेत.

दुसऱ्या टोकालाही काही जण जातात. न पाठ केल्यासारखं दिसावं म्हणून ‘अं...’ आणि विचार केल्याचे थांबे पाठ करतात. किंवा किस्सा नसतो, म्हणून कुणाचा तरी उसना घेतात. सविस्तर अर्जातलं गाव, शिक्षण, छंद सदस्यांच्या समोर छापील असतं. दोन प्रश्नांत ‘तुमच्या भागात खरिपाला काय असतं?’ आलं, की उसनं उघडं पडतं. किस्सा नसेल, तर नाही. ‘घरातून सुचवलं, आधी पटलं नव्हतं, अभ्यासाला लागल्यावर गोडी लागली’ हेही पूर्ण उत्तर आहे, आणि ते खरं असेल, तर त्यावरचे उलटप्रश्नही सहज पेलतात.

ही सगळी खटपट किती प्रश्नांसाठी करायची? चाळीस उत्तरांसाठी नाही. सविस्तर अर्जातून येणारे दहा-बारा पुरे: सेवा का, पदवी सोडून इकडे का, गावाचं काय, छंद, आधीची नोकरी, सेवांचा पसंतीक्रम. चालू घडामोडींच्या प्रश्नाला तयार उत्तर नसतंच. तिथे माहिती असते किंवा नसते, आणि नसेल तर ‘माहीत नाही, सर’ एवढं एका दमात म्हणून पुढे जावं.

आणि एक विनंती घरच्यांना, रूमवरच्या मित्रांना. मुलगा-मुलगी समोर बसून उत्तर म्हणून दाखवतील, तेव्हा संपेपर्यंत ऐकून ‘मस्त झालं’ म्हणू नका. तिसऱ्या वाक्याला थांबवा आणि काहीतरी विचारा.